बादलीभर वाफेची चकली

सोऱ्यातून नुकतीच पडलेली मध्यम आकाराची चकली वजनकाट्यावर ठेवली, तर साधारण २५ ग्रॅम भरते. तिच्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. तळून निघालेल्या कुरकुरीत चकलीत मात्र जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी उरतं. मधलं सुमारे ११ ग्रॅम पाणी कढईतल्या चार-पाच मिनिटांत वाफ होऊन निघून जातं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटीहून जास्त फुगते. हिशेब केला तर एका चकलीतून सुमारे १८ लिटर वाफ बाहेर पडते. आंघोळीची एक बादली भरेल इतकी.

चकली फुटते, विरघळते, आतून वातड राहते किंवा डब्यात मऊ पडते, ते सगळं या बादलीभर वाफेमुळे. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर चकली तडकते. वाट फारच मोकळी झाली, तर चकलीचे तेलात तुकडे होतात. वाफ अर्धवट निघाली, तर सकाळी चकली मऊ. आणि पूर्ण निघालेलं पाणी डब्याच्या झाकणातून परत आत शिरलं, तर आठवड्याने मऊ.

फुटणं वेगळं, विरघळणं वेगळं

‘चकली बिघडली’ या एका वाक्यात दोन अगदी उलट तक्रारी येतात. पहिल्या तक्रारीत चकली तेलात फट्‌कन तडकते, तुकडा उडतो, तेल अंगावर येतं. दुसरीत आवाज काहीच होत नाही. चकली फसफसते, काटे पसरतात, वेटोळं सुटतं आणि झाऱ्यात नुसता चुरा येतो. पहिलीत पीठ फार घट्ट बांधलं गेलेलं असतं, दुसरीत ते पुरेसं बांधलं गेलेलं नसतं. म्हणूनच एकीचा उपाय दुसरीला केला की घोटाळा वाढतो. फुटणाऱ्या चकलीला मोहन हवं असतं. तेच विरघळणाऱ्या चकलीत घातलं, तर पुढचा सगळा घाणा गाळच होतो.

चकलीच्या भाजणीत गहू नसतो, त्यामुळे कणकेसारखा चिवट ताणही नसतो. पिठाला धरून ठेवतात ती दोनच माणसं: तांदळातला स्टार्च आणि उडदाचा चिकटपणा. गरम पाण्यात स्टार्च फुगून खळीसारखा होतो आणि बाकीच्या पिठाला कवेत घेतो. उकड काढायची पद्धत त्यासाठीच आहे. अशी चकली गरम तेलात पडली की बाहेरचा थर आधी सुकतो आणि त्याची साल तयार होते. आतलं पाणी मात्र तेव्हा कुठे उकळायला लागलेलं असतं. साल सच्छिद्र असेल, तर वाफ हजार वाटांनी बुडबुड्यांतून निघते. साल गुळगुळीत आणि सलग असेल, तर आत दाब साठत जातो आणि सगळ्यांत कमकुवत जागी साल फाटते.

मोहनाचं काम इथेच आहे. तेल पिठाच्या कणाकणाला लागतं आणि त्या सलग सालीत बारीक बारीक खंड पाडतं. त्यातून वाफेला वाट मिळते आणि चकली खुसखुशीत होते. मोहन प्रमाणाबाहेर गेलं, तर खंड इतके होतात की धरून ठेवायला काही उरतच नाही. मोहन म्हणजे नुसती चव नव्हे. वाफेचे दरवाजे किती ठेवायचे, ते त्यावर ठरतं.

तमिळनाडूत गोकुळाष्टमीला उप्पु सीडै नावाचा पदार्थ करतात. तांदळाच्या आणि उडदाच्या पिठाच्या, सुपारीएवढ्या खारट गोळ्या. चकलीची ही चुलत बहीण स्फोटासाठी बदनाम आहे. नीट न चाळलेलं पीठ, न विरघळलेला मिठाचा खडा किंवा घट्ट वळलेली गुळगुळीत गोळी यांपैकी काहीही तिला पुरतं, आणि गोळी कढईतून बंदुकीच्या छऱ्यासारखी उडते. म्हणून तिथल्या बायका पीठ दोनदा चाळतात, गोळी हलक्या हाताने वळतात आणि काही जणी तिला सुईने टोचून घेतात. गोल गोळी हा वाफेसाठी सगळ्यांत वाईट आकार आहे. मध्यापासून पृष्ठभाग सगळीकडून दूर, आणि पृष्ठभागही गुळगुळीत.

या उलट चकलीचे काटे पाहा. ते दिसायला छान दिसतात म्हणून ठेवलेले नाहीत. तारेच्या आकाराच्या भोकातून पडलेल्या पिठाचा पृष्ठभाग गोल दोरीपेक्षा खूप मोठा असतो, आणि प्रत्येक काट्याच्या टोकाशी पीठ अगदी पातळ असतं. वाफ तिथून सहज निसटते. काटे बोथट पडायला लागले, तर पीठ सैल झालंय किंवा ताटलीच्या कडा झिजल्यात, आणि तळणही त्याप्रमाणे बिघडणार, हे समजावं.

कडबोळ्याकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. भाजणी चकलीच्याच जातीची, पण हाताने वळलेली, जाड आणि गुळगुळीत. म्हणून कडबोळ्याला मोहन जास्त घालतात आणि ती मंद आचेवर बराच वेळ तळतात. चकलीच्या पिठाची कडबोळी चकलीच्या आचेवर तळली, तर ती तडकतात. तडकली नाहीत, तर आतून कच्ची राहतात.

अर्धा किलो भाजणीचा घाणा

भाजणीचं प्रमाण घरोघरी बदलतं. चालणारं एक प्रमाण असं: धुऊन वाळवलेले तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २ वाट्या, उडदाची डाळ १ वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, सोबत थोडे पोहे, धने आणि जिरे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं, कारण उडीद तांदळाआधी लाल होतो. डाळी वास सुटेपर्यंत आणि फिक्या गुलाबी होईपर्यंतच भाजाव्यात. करपेपर्यंत भाजल्या, तर चिकटपणा जातो, रंगही काळपट येतो आणि अशी चकली तेलात विरघळायला टपलेलीच असते. दळून आणलेलं पीठ चाळून घ्यावं. गिरणीतून आलेला डाळीचा जाडा कण चकलीत अडकला, तर सोऱ्याचं भोक तरी तुंबतं, नाहीतर धार तुटते.

आता अर्धा किलो भाजणीला साधारण ४५० मिलिलिटर पाणी आणि ५० ग्रॅम मोहन, म्हणजे तीन ते साडेतीन मोठे चमचे तेल. मीठ, तिखट, हळद, हिंग आणि मोहन पाण्यातच घालून पाणी उकळवायचं. मीठ इथेच पूर्ण विरघळतं, म्हणून खड्याचा प्रश्न मिटतो. गॅस बंद करून तीळ, ओवा आणि भाजणी घालायची, उलथण्याच्या टोकाने ढवळायचं आणि झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास विसरून जायचं. या वेळात स्टार्च पाणी पिऊन घेतो. घाईने मळलेल्या पिठात बाहेर ओलं आणि आत कोरडं अशा गुठळ्या राहतात. पुढे त्याच गुठळ्यांपाशी चकली तडकते किंवा तुटते.

मळताना सगळं पीठ एकदम घेऊ नये. एका सोऱ्यापुरतं घ्यावं, कोमट पाण्याचा हात लावून चांगलं मळावं. पीठ थालीपिठाच्या पिठापेक्षा घट्ट आणि पुरीच्या कणकेपेक्षा सैल असावं. भाजणी नवी की जुनी, तांदूळ कोणता, यावर पाणी दोन-चार चमचे कमी-जास्त लागतं, आणि ते हातालाच कळतं. दाबलेल्या गोळ्याच्या कडेला भेगा पडल्या, तर पाणी कमी आहे. बोटाला चिकटून आलं, तर जास्त झालं.

सोऱ्यात गोळे टाकून वरून दट्ट्या लावला, की गोळ्यांच्या मधली हवा अडकते. दाबताना मध्येच ‘फुस्स’ आवाज येऊन धार तुटली, तर ती हीच हवा. ती चकलीच्या धारेत पोकळी होऊन बसली, तर तेलात तिथेच फुगा येतो. म्हणून पिठाची सोऱ्याच्या मापाची एकच लांब वळकटी करून आत सरकवावी आणि बोटाने दाबून घ्यावी. चकल्या कागदावर किंवा ताटावर पाडून ठेवायच्या असतील, तर एका घाण्यापुरत्याच पाडाव्यात. पंख्याखाली सुकलेल्या चकलीला वरून भेगा पडतात आणि ती उचलतानाच तुटते. ओल्या हाताचं पाणी चकलीवर किंवा झाऱ्यावर राहिलं, तर चकली चांगली असूनही तेल उडतं.

पहिली चकली काय सांगते

अनुभवी हात सगळ्या चकल्या पाडायच्या आधी एकच चकली तळून पाहतो. तेल तापलं का, ते पिठाच्या बोराएवढ्या गोळीने कळतं. गोळी तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आली, तर तेल योग्य, म्हणजे १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. तळाशीच बसली, तर थंड आहे. पडताक्षणी वर येऊन लाल झाली, तर फार तापलंय.

चकली सोडल्यावर तिचे तुकडे पडायला लागले, तर आधी तेलाकडे बघावं. थंड तेलात साल वेळेवर तयार होत नाही आणि पीठ विरत राहतं. तेल ठीक असेल, तर मोहन जास्त झालंय किंवा बांधणी कमी आहे. घातलेलं मोहन काढता येत नाही. म्हणून मोहन न घातलेली थोडी भाजणी किंवा तांदळाची पिठी गरम पाण्यात भिजवून त्या पिठात मळावी. अर्धा किलोला दोन मोठे चमचे पिठी बहुतेक वेळा पुरते. त्यानंतर पुन्हा एकच चकली तळून पाहावी.

चकली तडकली, किंवा गुळगुळीत, दगडासारखी कडक झाली, तर मोहन कमी पडलंय. एक चमचा तेल कडकडीत गरम करून पिठावर घालावं आणि पुन्हा मळावं. चकली तेल पिऊन जड आणि मऊ आली, तर पीठ सैल आहे किंवा आच कमी आहे. ती बाहेरून लगेच तांबूस होऊन आत पांढरट राहिली, तर आच जास्त आहे.

एका वेळी कढईत किती चकल्या, हाही आचेचाच भाग आहे. प्रत्येक चकलीतलं पाणी उकळवायला उष्णता लागते आणि ती तेलातून जाते. लहान कढईत सहा-सात चकल्या कोंबल्या, तर तेलाचं तापमान धाडकन खाली येतं आणि मघाशी चांगली आलेली चकली याच पिठातून आता विरघळते. घरगुती कढईत तीन-चार पुरेत. सोडल्यावर आच मोठी ठेवावी, साल धरली की मध्यम करावी.

चकली कधी काढायची, हे रंगावरून ठरवू नये. तिखट-हळद घातलेल्या भाजणीचा रंग लवकर फसवतो. बुडबुड्यांकडे बघावं. सुरुवातीला चकलीभोवती तेल जोरात खळखळतं. ते बुडबुडे म्हणजेच निघून चाललेली वाफ. खळखळ विरत जाऊन चकलीच्या काठाशी दोन-चार बारीक बुडबुडे उरले, की बादली रिकामी झाली. आवाजही बदलतो: ओल्या चरचरीची जागा हलकी, कोरडी कुजबुज घेते. बुडबुडे जोरात असताना काढलेली चकली ताटात कुरकुरीतच वाटते, कारण साल सुकलेली असते. पण मध्यभागी दोन ग्रॅम पाणी राहिलं, तरी ते रात्रभरात हळूहळू सालीकडे सरकतं. सकाळी सबंध चकली मऊ झालेली असते आणि दोष डब्याला दिला जातो. खात्री करायची असेल, तर पूर्ण गार झालेली चकली मोडून आत बघावं. आतली जाळी कोरडी, पोकळ आणि बाहेरच्याच रंगाची हवी. मध्ये ओलसर, चकाकणारी रेघ दिसली, तर त्या घाण्याला त्याच दिवशी मंद आचेवर पुन्हा एकदा तेल दाखवावं.

डब्यातलं पाणी

कढईतून काढलेली चकली आतून बराच वेळ गरम राहते आणि वाफ टाकत राहते. कागदावर ढीग घातला, तर खालच्या चकल्या वरच्यांच्या वाफेत बसतात. चाळणीत किंवा जाळीवर त्या मोकळ्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे तेलही निथळतं. पूर्ण गार व्हायला तास-दीड तास लागतो. कोमट चकली डब्यात घातली, तर झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि तेच खाली गळतात. पण गार झाल्यावर रात्रभर उघड्यावरही ठेवू नयेत. मुंबई-कोकणात दिवाळीच्या दिवसांतही हवेत भरपूर दमटपणा असतो आणि कोरडी चकली तो टिपकागदासारखा ओढून घेते.

किती पाणी लागतं मऊ पडायला? कुरकुरीत चकलीत पाणी दोन-तीन टक्के असतं. ते पाच टक्क्यांकडे गेलं, की दाताला फरक कळतो. म्हणजे एक किलो चकल्यांना २० ते २५ ग्रॅम पाणी पुरतं, चहाचे चार-पाच चमचे. ३० अंशांच्या दमट हवेत, एका घनमीटरमध्ये वीसेक ग्रॅम बाष्प असतं. पाच लिटरचा डबा अर्धा रिकामा असेल, तर एकदा उघडल्यावर त्यात येणाऱ्या हवेतून फार तर ०.०५ ग्रॅम पाणी आत जातं. एका वेळेचं ते नगण्यच. पण घरात चार पोरं आणि डबा दिवसातून दहा-बारा वेळा उघडला जात असेल, तर महिन्यात पंधरा-अठरा ग्रॅम. म्हणून तीन-चार आठवडे पुरवायच्या चकल्या लहान लहान डब्यांत काठोकाठ भराव्यात आणि एक संपल्यावर दुसरा उघडावा. झाकण ढिलं असेल, तर मात्र हा हिशेबच कोलमडतो, कारण फटीतून बाष्प रात्रंदिवस येत राहतं.

डब्यातला शेजारही जपावा लागतो. चकलीसोबत त्याच डब्यात बेसनाचे लाडू किंवा ओल्या नारळाच्या करंज्या ठेवल्या, तर ओलावा जास्त असलेल्या पदार्थातून कमी असलेल्याकडे जातो. चकली मऊ आणि लाडू कोरडा, असा दुहेरी तोटा होतो.

डब्यात तांदळाची किंवा मिठाची पुरचुंडी ठेवायची पद्धत आहे. ती इथे कामाची नाही. साध्या तांदळात स्वतःचंच दहा-बारा टक्के पाणी असतं. तीन टक्के पाणी असलेल्या चकलीकडून तो ते घेणार नाही, उलट तिलाच देईल. मीठ तर भोवतालच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाणी ओढतच नाही, आणि चकली त्याच्या खूप आधी मऊ पडते. पुरचुंडी ठेवायचीच असेल, तर तांदूळ कोरडे खमंग भाजून, झाकून गार करून ठेवावेत, किंवा खाद्यपदार्थांसाठी मिळणारी सिलिका जेलची न फाटलेली पुडी ठेवावी.

मऊपणा आणि खवटपणा

इतकं करूनही चकली कायम टिकत नाही. तिच्या वजनातला मोठा हिस्सा तेलाचा असतो, आणि तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतं. इथे पाण्याचा काही संबंध नाही. अगदी कुरकुरीत चकलीही खवट लागू शकते. उजेड आणि उष्णता हे काम वेगाने करतात. त्यामुळे खिडकीतली पारदर्शक बरणी किंवा गॅसच्या वरचं फडताळ या दोन्ही चुकीच्या जागा आहेत. सूर्यफूल, सोयाबीन आणि पारंपरिक करडईचं तेल लवकर खवटतं. शेंगदाण्याचं आणि पामोलिन त्या मानाने उशिरा. फरसाणवाल्यांची पाकिटं नायट्रोजन भरून फुगवलेली असतात, ती ऑक्सिजन बाहेर ठेवण्यासाठीच.

तळणीचं तेल ताजं असावं. वापरून काळपट झालेल्या तेलात खवटण्याची प्रक्रिया आधीच सुरू झालेली असते आणि तोच वारसा चकलीत जातो. व्यावसायिक तळणीच्या तेलातल्या अशा बिघडलेल्या घटकांवर भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. घरी मापयंत्र नसतं. तेल दाट झालं, न तापवताच उग्र वास यायला लागला किंवा चकली सोडल्यावर वर फेस धरून राहिला, की ते तेल बदलावं.

मऊ पडलेली पण वासाला चांगली असलेली चकली परत आणता येते. ओव्हन ११० ते १२० अंशांवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं चकल्या एकेरी थरात ठेवाव्यात आणि पूर्ण गार होऊ द्याव्यात. गरम असताना त्या मऊच लागतात, गार झाल्यावर कडकडतात. ओव्हन नसेल, तर जाड तव्यावर मंद आचेने उलटसुलट कराव्यात.

खवट चकलीला मात्र इलाज नाही, ती टाकून द्यावी. आणि तो डबा नुसता पुसून पुन्हा भरू नये. कडेला आणि तळाला चिकटलेलं जुनं खवट तेल नव्या चकल्यांनाही लवकर खवट करतं. गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवूनच डबा पुढच्या घाण्याला घ्यावा.